ताठरतेसाठी चालणं, वजनं उचलणं आणि पोट उतरवणं: माझे नऊ महिने

कोथरूडकर_४७

या विषयावर इथे प्रश्न पुष्कळ येतात, पण पुढे काय झालं ते सांगायला सहसा कुणी परत येत नाही. म्हणून वहीतल्या नोंदी समोर घेऊन लिहितोय.

मी ४७ वर्षांचा. नोकरी हिंजवडीत, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत, शिवाय जाण्यायेण्याचे अडीच तास गाडीत. दोनेक वर्षांपासून लिंगाची ताठरता कमी होत गेली. एका रात्रीत काही बिघडलं नाही. आधी टिकेना, मग पुरेशी येईना. पहाटे जाग येताना जी आपोआप असायची, ती आठवड्यातून एखाद्या वेळेवर आली. इच्छा शाबूत होती आणि बायकोशी बेबनावही नव्हता. डॉक्टरांनी पहाटेचंच आधी विचारलं. ती रोज व्यवस्थित असती तर त्यांनी मनाच्या बाजूने जास्त शोध घेतला असता.

त्यांच्याकडे जायला मी आठ महिने लावले, आणि त्याची मला अजून खंत आहे. कारण तपासण्यांत जे निघालं ते कमरेखालचं नव्हतंच. रक्तदाब १४२/९२. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.१. ट्रायग्लिसराइड २४०. वजन ९४ किलो, उंची १७२ सेंमी, बेंबीच्या रेषेत कंबर १०८ सेंमी. टेस्टोस्टेरॉन सकाळी उपाशीपोटी तपासला, तो खालच्या मर्यादेच्या थोडासा वर. ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट ठीक आली, तेव्हा कुठे जोरात चालायला परवानगी मिळाली. पाच प्रश्नांची एक प्रश्नावली असते, आयआयईएफ-५. तिच्यात २५ पैकी २२ किंवा जास्त म्हणजे नॉर्मल. माझे १३ आले.

ताठरतेची गोळीही लिहून दिली होती, लागेल तेव्हा घ्यायची. ती घेतली की जमत होतं. खाली दिलेले गुण मात्र गोळी न घेतलेल्या वेळांचे आहेत.

पहिले दोन महिने घड्याळावर रोज दहा हजार पावलं. ऑफिसच्या व्हरांड्यात, फोनवर बोलता बोलता, जेवणानंतर सोसायटीत, अशी तुकड्या-तुकड्यांनी. आठ आठवड्यांनी वजन ९३.२ आणि गुण १४. एवढ्यासाठी का चाललो, असं झालं.

मग एका रविवारी वेताळ टेकडीवर गेलो. खाणीपर्यंतच्या वाटेवर बहिणीशी फोनवर बोलत होतो आणि एकदाही वाक्य तोडावं लागलं नाही. मागून सत्तरीचे एक गृहस्थ येऊन सहज पुढे निघून गेले. तेव्हा लक्षात आलं की दोन महिने मी हललो होतो, पण माझा श्वास एकदाही चढला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पावणेसहाला बाहेर, ४० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. वेग असा की छोटं वाक्य बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. घड्याळात पाहिलं तर मिनिटाला ११५-१२० पावलं पडत होती. आधी ती ८५ च्या आसपास असायची.

चौथ्या महिन्यात चूक केली. वजन लवकर उतरावं म्हणून रात्रीचं जेवण बंद केलं आणि दुपारी दोनच पोळ्या. पाच आठवड्यांत साडेचार किलो गेले, सगळ्यांनी कौतुक केलं. पण इच्छाच मेली. हातपाय गार पडायचे, चिडचिड व्हायची, पहाटेची ताठरता पूर्ण बंद. गुण ११, सुरुवातीपेक्षाही खाली. डॉक्टरांनी ते जेवण परत सुरू करायला लावलं आणि आठवड्यातून दोन दिवस वजनं उचलायला सांगितली.

पाचव्या महिन्यापासून डंबेल. त्यानंतर वजन महिन्याला जेमतेम किलोभर उतरलं, पण कंबर झपाट्याने कमी झाली. नवव्या महिन्याअखेर वजन ८४.५, कंबर ९६, रक्तदाब १२८/८२, एचबीएवनसी ५.६. पहाटेची आठवड्यातून चार-पाच वेळा. गुण १९.

२२ अजून दूर आहेत. माझे दोन प्रश्न: या तिन्हींतलं नेमकं कशाने काम झालं? आणि १९ वर तीन-चार आठवडे अडकलोय, तर पुढे काय करू?

---

सिंहगडी_रविवार

नोंदी ठेवल्यात हे फार छान केलंत. मी तर म्हणतो रोजची यातायात कशाला? मी दर रविवारी पायथ्यापासून सिंहगड चढतो, बावन्न वर्षांचा आहे. एका चढाईत आठवड्याचा व्यायाम होतो. वर पिठलं-भाकरी, झुणका, मडक्यातलं दही. माझं वजन तीन वर्षांत एक किलोही वाढलेलं नाही. गडाला लागा, वजन आपोआप ८० होईल.

---

वाटसरू

मी फिजिशियन आहे, पंचवीस वर्षं पुण्यातच प्रॅक्टिस. इथे तपासणी करू शकत नाही, म्हणून तुमच्या आकड्यांवरून जे दिसतं तेवढंच लिहितो.

पहिले दोन महिने काही का झालं नाही, ते सांगतो. ताठरता म्हणजे रक्त आत येणं आणि आतच अडकून राहणं. त्यासाठी तिथल्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्याने भोवतीचा स्नायू सैलावतो आणि वाहिनी रुंदावते. साखर, रक्तदाब, तंबाखू आणि पोटातली चरबी यांनी ते अस्तर निबर होतं. आता व्यायाम त्याला परत तयार कसा करतो? रक्त जोरात वाहू लागलं की ते अस्तरावर घासून जातं आणि त्या घासण्यानेच अस्तर जास्त नायट्रिक ऑक्साइड बनवायला शिकतं. व्हरांड्यात रेंगाळत टाकलेल्या पावलांनी रक्ताचा वेग फारसा वाढत नाही. साखरेसाठी ती उपयोगाची आहेत, विशेषतः जेवणानंतर. अस्तरासाठी दम लागायला हवा. तुमची दहा हजार पावलं खोटी नव्हती, पण ती या कामाची नव्हती.

सिंहगडकर, तुमची चढाई उत्तम आहे. पण अस्तरावरचा हा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरू लागतो. रविवारी दोन तास आणि मग सहा दिवस खुर्ची, यापेक्षा चार-पाच दिवस ४०-४० मिनिटं बरी. या विषयावरचे वेगवेगळे प्रयोग एकत्र तपासले गेले तेव्हाही शिफारस जवळपास हीच निघाली: ४० मिनिटं, आठवड्यातून चारदा, सहा महिने. लोक हे 'सहा महिने' विसरतात आणि सहाव्या आठवड्यात सोडून देतात.

अजून एक, जे वाचून जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. लिंगातली रक्तवाहिनी एक ते दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन ते चार. एकच आजार दोन्हीकडे चालू असेल तर लहान नळी आधी बोंबलते. हृदयाची तक्रार पुढे दोन ते पाच वर्षांनी येऊ शकते. धागाकर्त्याने जोरात चालण्याआधी स्ट्रेस टेस्ट करून घेतली ते योग्यच होतं. चढावर छातीत दाब येत असेल, किंवा साखर-रक्तदाब-तंबाखू यांतलं काही असेल, तर आधी तपासणी आणि मग जोरात चालणं, याच क्रमाने जा. आणि छातीसाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर ताठरतेची गोळी अजिबात नको. रक्तदाब एकदम कोसळतो.

---

लोखंडप्रेमी

डॉक्टरसाहेबांचं चालण्याचं मान्य, पण खरा फरक डंबेलनी पडलाय हे तुमच्याच आकड्यांत दिसतंय. पाचव्या महिन्यानंतर ११ वरून १९! सगळा खेळ टेस्टोस्टेरॉनचा आहे. पायांचे मोठे स्नायू वापरले की टेस्टोस्टेरॉन उसळतं. जड स्क्वॉट करा, आठवड्यातून चार दिवस. तुमची लेव्हल सीमेवर आहे, म्हणजे सरळ इंजेक्शनचा कोर्स घ्या, दोन महिन्यांत २५ पैकी २५. आमच्या जिममध्ये दोघातिघांनी घेतलंय, माणसं बदलून गेली.

---

वाटसरू

लोखंडप्रेमी, वजनं उचलण्याने फायदा झाला हे तुमचं बरोबर आहे. कारण मात्र तुम्ही म्हणता ते नाही. स्क्वॉटनंतर टेस्टोस्टेरॉन चढतं खरं, पण तासाभरात जागेवर येतं. त्याने ताठरता बदलत नाही. काम होतं ते दोन वाटांनी. एक, मांड्या-पाठीचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे इन्शुलिन कमी लागतं. दुसरं, जेवण थोडं कमी केल्यावर शरीर चरबीबरोबर स्नायूही खातं. वजनं उचलणाऱ्याचे स्नायू टिकतात आणि उतरते ती मुख्यतः चरबी. म्हणूनच काट्यावर एक किलो दिसला आणि टेपवर त्याहून कितीतरी जास्त.

पोटातली चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करते. ती कमी झाली की स्वतःचं टेस्टोस्टेरॉन हळूहळू वर येतं. बाहेरून इंजेक्शन घेतलं तर मेंदू वृषणांना 'आता बनवू नका' असा निरोप देतो. शुक्राणू घटतात, आणि ज्यांना मूल हवंय त्यांना ते फार महागात पडतं. दोन वेगवेगळ्या सकाळी तपासून खरोखर कमी निघालं आणि लक्षणंही असतील, तरच तज्ज्ञाशी बोलून. जिममध्ये मिळतं म्हणून घेऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. असे रुग्ण मी पाहिलेत.

आणि चौथ्या महिन्याचं ११ कुठून आलं ते आता कळेल. पाच आठवड्यांत साडेचार किलो म्हणजे शरीराला दुष्काळ वाटला. अन्न नसताना शरीर प्रजननाचं काम आधी बंद करतं. आठवड्याला अर्धा किलो पुरे. त्यामुळे ११ ते १९ हा सगळा फायदा डंबेलच्या खात्यावर टाकू नका. त्यातला काही भाग जेवण परत सुरू केल्याचाच आहे.

---

आकडेमोड

कोथरूडकर, एक शंका. तुम्ही तीन गोष्टी एकापाठोपाठ बदलल्या, मध्ये उपाशी राहिलात, आणि रक्तदाबही उतरला. त्यावरून कशाने फरक पडला हे कुणीच सांगू शकणार नाही. शिवाय ही प्रश्नावली मूळची मागच्या सहा महिन्यांबद्दल विचारते असं वाचलंय. तुम्ही दर महिन्याला भरताय, मग गुण कशाचे?

---

कोथरूडकर_४७

आकडेमोड, शंका रास्त आहे. मी ती शेवटच्या चार आठवड्यांपुरती भरतो, हे आधीच लिहायला हवं होतं. महिन्यात दोनदाच प्रसंग आला तर एका रात्रीवरून गुण दोन-तीनने हलतात. म्हणून आता तीन महिन्यांनी एकदाच भरायचं ठरवलंय. पहाटेची मात्र कॅलेंडरवर रोज खूण करतो. ती नोंद मला जास्त विश्वासाची वाटते, कारण त्या वेळी कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नसतं.

लोखंडप्रेमी, इंजेक्शन घेणार नाही. पण जड वजनांकडे वळायला तुमच्यासारख्यांच्या लिखाणानेच प्रवृत्त केलं, त्याबद्दल खरंच आभार.

---

वाटसरू

आकडेमोड यांचं बरोबर आहे, एका माणसावरून वाटणी करता येत नाही. पण एक जुना, नीट केलेला प्रयोग आहे. नेपल्सला झाला, २००४ साली छापून आला. ताठरता कमी असलेले ११० स्थूल पुरुष, वय ३५ ते ५५. निम्म्यांना आहार आणि व्यायाम बारकाईने शिकवून, पाठपुरावा करून, दहा टक्के वजन उतरवायचं लक्ष्य दिलं. उरलेल्यांना नेहमीची सर्वसाधारण माहिती दिली. दोन वर्षांनी पहिल्या गटातल्या जवळपास एक तृतीयांश पुरुषांचे गुण नॉर्मलला आले, दुसऱ्या गटात वीसात एकाचे.

त्याच्या मर्यादाही सांगतो. ती माणसं आपल्या धागाकर्त्यापेक्षा बरीच जड होती आणि त्यांना मधुमेह किंवा रक्तदाब नव्हता. म्हणजे तो आकडा तसाच इथे लावता येत नाही. आणि इतकी मेहनत घेऊनही दोन तृतीयांश लोक पूर्ण नॉर्मल झाले नाहीत, हेही त्याच प्रयोगातलं सत्य आहे. कोथरूडकर, ९४ चे दहा टक्के म्हणजे ९.४ किलो. तुमचे साडेनऊ उतरलेत. १९ वर असणं हे अपयश नव्हे. दोन वर्षांच्या वाटेवर तुम्ही नऊ महिन्यांत आहात.

---

फिजिओताई

डंबेल म्हणजे नक्की काय करता ते लिहाल का? नुसतं 'दोन दिवस वजनं' म्हटलं की लोक दंडाचे व्यायाम करत बसतात आणि पाय-पाठ तशीच राहते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचे नितंबांचे स्नायू झोपलेले असतात, त्यांना आधी जागं करावं लागतं.

---

कोथरूडकर_४७

लिहितो. मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी, घरीच, ३५ मिनिटं. चारच प्रकार.

पहिला खुर्चीवरून उठबस. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून, छातीशी वजन धरून, बूड खुर्चीला टेकेपर्यंत खाली आणि परत वर. सुरुवातीला वजन म्हणून पाच किलोच्या कणकेची पिशवी धरली होती. आता १५ किलोचं डंबेल. दुसरा, दोन्ही हातांत डंबेल घेऊन पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकणं, मांडीच्या मागे ताण येईपर्यंत. तिसरा पुशअप. जमिनीवर एकही येत नव्हता, म्हणून ओट्यावर हात ठेवून सुरू केला, मग सोफ्याच्या हातावर, आता जमिनीवर आठ येतात. चौथा, एक हात पलंगावर टेकवून दुसऱ्या हाताने डंबेल बरगडीकडे ओढणं.

प्रत्येकाचे तीन सेट, दहाच्या आसपास. बारा सहज झाले की पुढच्या वेळी वजन वाढवायचं. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, नाहीतर तो दिवस फुकट. हे मला उशिरा कळलं. पहिले तीन आठवडे मी तीन किलोचीच डंबेलं हलवत होतो.

---

फिजिओताई

क्रम छान आहे. दोन गोष्टी सांगते. एक, वर उठताना श्वास रोखू नका. रक्तदाब असलेल्या माणसाने श्वास धरून जोर केला तर दाब क्षणात खूप चढतो. उठताना तोंडाने हळू श्वास सोडा. ते जमत नसेल तर आकडे मोठ्याने म्हणा, श्वास आपोआप सुटतो.

दुसरं, इथे कुणीच न काढलेला मुद्दा. ताठरता येते पण टिकत नाही, त्यांच्यासाठी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू महत्त्वाचे असतात. लिंगाच्या मुळाशी असलेले हे स्नायू आवळले की आत आलेलं रक्त बाहेर पडत नाही. वारा दाबून धरताना जे आवळतो तेच. नीट आवळलं तर लिंगाचा तळ किंचित आत ओढला जातो आणि वृषणं जराशी वर उचलली जातात. आरशात दिसतं. पोट, मांड्या, नितंब सैल राहिले पाहिजेत. पाच सेकंद आवळून पाच सेकंद सोडायचं, दहा वेळा, दिवसातून दोनदा, बसून आणि उभ्याने. सोडणंही तितकंच नीट करायचं. माझ्याकडे येणारे पुरुष सुरुवातीला हमखास पोट आवळतात. इंग्लंडमध्ये यावर प्रयोग झालाय, तिथेही सहा महिने लागले होते. कोथरूडकर, तुमच्या १९ च्या पुढच्या वाटेवर हे करून पाहण्यासारखं आहे. ओटीपोटात किंवा तिथे आधीपासून दुखत असेल तर मात्र करू नका, आधी तपासून घ्या.

---

सायकलस्वार_बाणेर

माझा अनुभव वेगळा आहे. मी ४४, वजन ७१, साखर नाही, रक्तदाब नाही. तरी गेल्या पावसाळ्यानंतर ताठरता कमी झाली. मी रोज पहाटे ४० किलोमीटर सायकल मारतो, शनिवारी १००. चालण्यापेक्षा सायकल चांगली ना? मग माझं असं का? गुडघ्यांसाठी म्हणून चालणं सोडून सायकलवर आलो होतो.

---

फिजिओताई

सायकलवरून उतरल्यावर जांघेत, लिंगाला बधिरपणा येतो का? आणि सीटचं टोक वर आहे का?

---

सायकलस्वार_बाणेर

बधिरपणा येतो, पंधरा-वीस मिनिटं राहतो. सगळ्यांनाच येतो असं ग्रुपवर म्हणतात. सीट रेसिंगची, अरुंद. टोक थोडं वर आहे.

---

फिजिओताई

सगळ्यांना येतो म्हणून तो ठीक होत नाही. वजन बसण्याच्या दोन हाडांवर पडायला हवं. तुमचं ते मधल्या मऊ भागावर पडतंय, जिथून लिंगाकडे जाणारी नस आणि रक्तवाहिनी जाते. बधिरपणा म्हणजे ती दाबली गेली. तीन आठवडे सायकल बंद, मग रुंद आणि मध्ये खाच असलेली सीट, टोक सपाट किंवा किंचित खाली, आणि दर दहा मिनिटांनी पेडलवर उभं राहायचं. तरी बधिरपणा आला तर युरॉलॉजिस्टला दाखवा. तुमचा प्रश्न या धाग्यातल्यापेक्षा वेगळा आहे, वजन उतरवायच्या मागे लागू नका.

---

मोगरा

मी बायकोच्या बाजूने लिहितेय. नवरा ५१, खराडीत नोकरी, मधुमेह दहा वर्षं. तीन वर्षं आमच्यात काहीच नाही. त्याने विषय बंद केलाय, वेगळ्या खोलीत झोपतो, कारण मोठ्याने घोरतो म्हणून सांगतो. मला वाटायचं त्याला मी नको झालेय. हा धागा वाचून पहिल्यांदा वाटलं की कदाचित तसं नसेल. त्याला चालण्याने फायदा होईल का?

---

वाटसरू

मोगराताई, तुम्ही नको झालात असं त्यात कुठेच दिसत नाही. असा पुरुष बहुतेक वेळा बायकोला नाही, पुन्हा एकदा न जमण्याला टाळत असतो.

फायद्याचं खरं सांगतो. दहा वर्षांच्या मधुमेहात रक्तवाहिनीबरोबर नसाही दुखावलेल्या असतात आणि नसा व्यायामाने तितक्या भरून येत नाहीत. चालण्याने साखर, वजन, हृदय यांचं भलं होईल, ताठरतेतही थोडी सुधारणा होऊ शकते. पण नऊ महिने चालून बघू आणि मग डॉक्टरांकडे जाऊ, असं करू नका. औषध आणि चालणं एकदमच सुरू करावं. चालण्याआधी हृदयाची तपासणी, आणि पायांना संवेदना कमी असेल तर बूट आणि तळवे रोज पाहणं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ताठरता कमी होते. त्या त्याने स्वतः बंद करू नयेत, डॉक्टर बदलून देऊ शकतात.

घोरण्याबद्दल विचारतो. झोपेत श्वास मध्येच थांबतो का? दिवसा मीटिंगमध्ये, गाडीत डुलक्या लागतात का? झोपेत श्वास अडत असेल तर रात्रभर प्राणवायू कमी पडतो आणि त्याने ताठरता, टेस्टोस्टेरॉन, रक्तदाब तिन्ही बिघडतात. झोपेची तपासणी करून घ्या.

---

मोगरा

श्वास थांबतो. मी कितीदा हलवून जागं केलंय. याचा याच्याशी संबंध असेल हे माहीतच नव्हतं.

---

लोखंडप्रेमी

ताई, त्यांना सरळ डंबेलवर आणा, बाकी सगळं मागून येईल.

---

वाटसरू

लोखंडप्रेमी, या केसमध्ये आधी डोळ्यांची तपासणी. दहा वर्षांच्या मधुमेहात पडद्यावरच्या रक्तवाहिन्या नाजूक झाल्या असतील तर जड वजन उचलताना आत रक्तस्राव होऊ शकतो. चालणं आधी, वजनं डोळ्याच्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.

---

आकडेमोड

मला अजून एक पटलेलं नाही. कोथरूडकरांनी गोळी न घेता गुण काढले, पण अधूनमधून गोळी घेऊन यशही आलं. त्या यशाने आलेला आत्मविश्वास गोळी नसलेल्या रात्रीही पुरत असेल. मग १९ मधले किती गुण रक्तवाहिनीचे आणि किती मनाचे?

---

वाटसरू

ते मलाही सांगता येणार नाही. पहाटेची आठवड्यातून एकवरून चार-पाचवर आली, तेवढं मनाचं नाही असं म्हणतो. पण गोळी ही हरल्याची खूण समजू नका, कोथरूडकर. १९ वर असताना ती हाताशी ठेवलीत तर दडपण कमी राहतं. बंद कधी करायची ते तुमचे डॉक्टर आणि तुम्ही मिळून ठरवा.

---

कोथरूडकर_४७

ठेवतो. फिजिओताईंचा ओटीपोटाचा व्यायाम परवापासून सुरू केलाय. आरशात पाहिल्यावर कळलं की मीही पोटच आवळत होतो. दोन दिवसांनी जमलं. जेवणाबद्दल दोघांनी खासगी निरोपात विचारलं: भात निम्मा केला, संध्याकाळचा वडापाव-चहा बंद. त्या जागी पाच वाजता डब्यातली मोड आलेली मटकी किंवा दोन उकडलेली अंडी, आणि रात्री वाटीभर वरण किंवा पनीर असतंच. तेवढ्यावर आठवड्याला पाव किलोच्या आसपास उतरतो. हिंजवडीहून नऊला पोचलो तरी जेवण चुकवत नाही, जेवून पंधरा मिनिटं सोसायटीत चालतो.

---

मोगरा

काल रात्री त्याला हा धागा वाचायला दिला. बोलला काहीच नाही. सकाळी स्वतःहून टेप मागितला. कंबर १०४. गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. कोथरूडकर, एक विचारते: ती पाच प्रश्नांची प्रश्नावली तुम्ही एकट्याने भरलीत की वहिनींबरोबर?

---

कोथरूडकर_४७

पहिली एकट्याने भरली आणि लपवून ठेवली. नवव्या महिन्याची भरून तिला दाखवली. टिकण्याबद्दलच्या प्रश्नाला मी स्वतःला तीन दिले होते. तिने पेन घेऊन चार केले. वर लिहिलेल्या १९ मध्ये तो तिचा गुण धरलेला नाही.